तारीख लागली, पण हाती किती उरले?

मंगल कार्यालयाच्या मालकाला ‘यंदा धंदा कसा झाला?’ असं विचारलं, की तो बहुधा लग्नांचा आकडा सांगतो. चाळीस झाली, पंचेचाळीस झाली. गेल्या वर्षीपेक्षा पाच जास्त असतील तर वर्ष चांगलं गेलं, असं घरातही ठरून जातं. पण कार्यालयाचा मोठा खर्च लग्न असो वा नसो, चालूच असतो. आणि रिकामी गेलेली तारीख पुन्हा विकता येत नाही. १८ मे कोरा गेला तर तो जूनमध्ये भाड्याने देता येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की वर्षात जेवढे दिवस कार्यालय देता येण्यासारखं होतं, त्यांतल्या दर दिवसामागे किती भाडं आलं आणि त्याच दिवसाचा न टळणारा खर्च किती होता?

मोठी हॉटेलं हा हिशेब रोज मांडतात. किती टक्के खोल्या गेल्या, ही झाली ‘ऑक्युपन्सी’. आणि एकूण भाड्याला सगळ्या उपलब्ध खोल्यांनी, म्हणजे रिकाम्या राहिलेल्यासुद्धा धरून, भागलं की येतो ‘रेव्हपार’. कार्यालयात खोलीच्या जागी तारीख धरायची, एवढाच फरक. लागणारं सगळं बुकिंगच्या वहीत आणि खर्चाच्या पावत्यांत असतंच. फक्त वहीतला आकडा जसाच्या तसा उचलला, तर उत्तर चुकतं.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं एक कार्यालय घेऊ. पाचशे माणसांचा हॉल, वर-वधूपक्षासाठी खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे पटांगण. लग्नाचं भाडं सरासरी २४,००० रुपये. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण अशा कार्यालयांत दिसतं तसंच ठेवलं आहे. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च.

आधी वही साफ करायची

वहीत वर्षभरात १०४ नोंदी आहेत. त्यांपैकी ७ रद्द झालेल्या आहेत. आडवी रेघ मारली आहे, पण मोजताना त्या मोजल्या जातात. २ नोंदी तारीख पुढे ढकलल्यामुळे दोनदा आल्या आहेत. ३ वेळा कार्यालय फुकट दिलं: एकदा घरचं कार्य, एकदा रक्तदान शिबिर, एकदा शाळेचं स्नेहसंमेलन. उरले ९२ भाड्याचे कार्यक्रम. त्यांत ४४ लग्नं, २० साखरपुडे, १८ बारसं-मुंज-डोहाळजेवणं आणि १० सभा किंवा प्रशिक्षणं.

मग पैशाची बाजू. जानेवारीत घेतलेला ॲडव्हान्स मे महिन्यातल्या लग्नाचा असेल, तर तो पुढच्या वर्षाचा. कार्य ज्या तारखेला झालं, त्या तारखेच्या नावावर भाडं लावायचं. अनामत रक्कम परत जाते, म्हणून ती उत्पन्न नव्हे. रद्द झालेल्या तारखेचा जप्त केलेला ॲडव्हान्स वेगळ्या ओळीत लिहायचा, कारण त्यातून तारखा किती लागल्या हे कळत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाऊन जीएसटी नोंदणी झाली असेल, तर भाड्यावर घेतलेला १८ टक्के कर सरकारचा आहे. तो भाड्यात मिसळला तर दर दिवसाचं उत्पन्न उगाच फुगतं.

एवढं झाल्यावर आपल्या कार्यालयाचं वर्षाचं निव्वळ भाडं असं येतं: लग्नांचे १०,५६,००० रुपये, साखरपुड्यांचे २,४०,०००, छोट्या घरगुती कार्यांचे १,६२,००० आणि सभांचे ६०,०००. एकूण १५,१८,००० रुपये.

अडलेली तारीखही मोजायची

९२ कार्यक्रम म्हणजे ९२ तारखा गेल्या, असं वाटतं. पण या कार्यालयाचा जुना नियम असा, की लग्नासाठी जागा आदल्या दिवशी दुपारी बारापासून मिळते. हळद आणि सीमांतपूजन तिथेच होतं, आचारी संध्याकाळीच येतो. ४४ पैकी २२ लग्नांनी ही सवलत घेतली. त्या २२ तारखांना दुसरं काही घेता आलं नाही आणि वहीत मात्र त्या पानांवर काहीच लिहिलेलं नाही. ती पानं कोरी दिसतात, म्हणून मालक त्यांना रिकाम्या तारखा समजतो. खरं तर त्या विनामूल्य देऊन टाकलेल्या तारखा आहेत. म्हणजे एकूण लागलेल्या तारखा ९२ अधिक २२, अशा ११४.

आता भागायचं कशाने? वर्षाचे ३६५ दिवस, त्यांतून पावसाळ्यात पत्रे बदलताना आणि रंग देताना कार्यालय बंद राहिलं ते ११ दिवस वजा. उरले ३५४ उपलब्ध दिवस. फुकट दिलेले ३ दिवस मात्र वजा करायचे नाहीत. त्या दिवशी कार्यालय देण्यासारखं होतं. आपण राजीखुशीने भाडं सोडलं, आणि ते सोडल्याचा परिणाम हिशेबात दिसला पाहिजे. तसंच, गिऱ्हाईक नाही म्हणून कुलूप लावलेले दिवस ‘बंद होतं’ असं म्हणून वजा केले, तर टक्केवारी दिसायला छान होते आणि कामाची राहत नाही. छत गळत होतं, वीज तोडलेली होती, अशा खऱ्या अडचणीचेच दिवस वगळायचे.

११४ भागिले ३५४, म्हणजे ३२ टक्के. वर्षातल्या जवळजवळ दर तीन दिवसांत एक दिवस कार्यालय गुंतलेलं होतं. आणि १५,१८,००० भागिले ३५४, म्हणजे दर उपलब्ध दिवसामागे ४,२८८ रुपये.

मुहूर्ताचे दिवस वेगळे काढा

३२ टक्के ऐकून मालक खट्टू होतो आणि शेजारी म्हणतो, ‘अरे, मे महिन्यात तर तुमच्याकडे तारीख मिळत नव्हती.’ दोघांचंही खरं आहे, कारण एकाच सरासरीत दोन वेगळे धंदे मिसळले आहेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त सहसा धरत नाहीत. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते. त्यातही गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तर मुहूर्त नसतात. पंचांगात वर्षभराच्या मुहूर्तांच्या तारखा छापलेल्या असतातच. त्या आधी बुकिंगच्या वहीत लाल शाईने खुणावून घ्यायच्या.

आपल्या उदाहरणात अशा ५५ तारखा आहेत. त्यांपैकी ४० तारखांना लग्नं झाली. बाकीची ४ लग्नं काढीव मुहूर्तावर इतर दिवशी लागली. उरलेल्या १५ मुहूर्तांपैकी ९ तारखा दुसऱ्या दिवशीच्या लग्नाने आदल्या दुपारपासून अडवल्या होत्या. खऱ्या रिकाम्या राहिल्या फक्त ६. म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय ८९ टक्के भरलेलं आणि दर मुहूर्तामागे उत्पन्न सुमारे १७,४५५ रुपये. उरलेल्या २९९ दिवसांपैकी ६५ लागले, म्हणजे २२ टक्के, आणि दर दिवसामागे उत्पन्न फक्त १,८६६ रुपये.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की उपाय वेगळे दिसू लागतात. मुहूर्ताच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी नाही, तारखाच संपल्या आहेत. तिथे जाहिरात करून काही होणार नाही. तिथे बघायच्या त्या ९ तारखा. पानाच्या समासात मालकाने ‘विचारणा आली, नाही म्हटलं’ असं टिपून ठेवलं होतं म्हणून कळलं, की ९ पैकी ५ तारखांना लग्नासाठी लोक येऊन परत गेले होते. जागेचा ताबा दुपारी बाराऐवजी संध्याकाळी सहाला दिला असता आणि लग्नाच्या दिवशी चार वाजता हॉल मोकळा करून घेतला असता, तर लागोपाठच्या दोन मुहूर्तांवर दोन लग्नं बसली असती. मधल्या दोन तासांत झाडलोट आणि स्वयंपाकघर धुणं उरकायला जादा माणसं लावावी लागली असती, हे खरं. पाच लग्नांचे १,२०,००० रुपये मात्र हातचे गेले. ज्याला आदली दुपार हवीच असेल त्याला ती द्यावी, पण मुहूर्ताची तारीख असेल तर तिचं वेगळं भाडं लावून.

परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद बहुतेक वह्यांत नसते. झालेलं लिहिलं जातं, हुकलेलं विसरलं जातं. दर नकाराला एक ओळ लिहिली, तारीख आणि कारणासह, तर भाडं वाढवावं की वेळा बदलाव्या हे वर्षाअखेर अंदाजाने ठरवावं लागत नाही.

रोजचा न टळणारा खर्च

आता खर्चाची फाइल. काही खर्च कार्यक्रम झाला तरच होतो: वापरलेल्या विजेची युनिटं, जनरेटरचं डिझेल, पाण्याचा टँकर, जादा सफाईवाल्यांची मजुरी, खरकटं उचलण्याचे पैसे. आपल्या कार्यालयात हा खर्च लग्नाला ६,५०० रुपये, साखरपुड्याला ३,०००, छोट्या कार्याला २,५०० आणि सभेला १,५०० असा येतो. वर्षाचे ४,०६,००० रुपये. विजेचा हिस्सा काढायला सोपी रीत आहे: कार्याच्या आधी आणि नंतर मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं.

बाकीचा खर्च कुलूप लावलं तरी होतो. बांधकामाच्या कर्जाचे हप्ते वर्षाला ४,२०,०००. व्यवस्थापक आणि रखवालदाराचा पगार ३,००,०००. मालमत्ता कर, विमा आणि अग्निशमनाची साधनं यांचे ६०,०००. वीजबिलातला स्थिर आकार ३६,०००. तो एकही दिवा लावला नाही तरी येतो. देखभाल, रंग, भांडी आणि खुर्च्यांची भर १,३२,०००. फोन आणि हिशेबनीस १२,०००. एकूण ९,६०,००० रुपये, म्हणजे दर उपलब्ध दिवशी २,७१२ रुपये. हप्त्यातला मुद्दलाचा भाग हिशेबनीस नफातोट्यात खर्च म्हणून धरणार नाही, पण तो दर महिन्याला खात्यातून जातो, म्हणून रोकड बघताना तो धरायचा. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि मालकाची स्वतःची मेहनत इथे धरलेली नाही, हेही लक्षात असू द्यावं.

दिवसाला ४,२८८ येतात आणि २,७१२ जातात. मग दीड हजारावर उरतात, असं म्हणायचा मोह होतो. पण येणाऱ्या पैशातून कार्यक्रमाचा खर्च अजून गेलेला नाही. तो वजा केला की दर दिवसामागे ३,१४१ रुपये राहतात. त्यातून २,७१२ गेले, की उरतात ४२९. वर्षाचे सुमारे १,५२,००० रुपये. पंधरा लाखांचं भाडं घेणाऱ्या कार्यालयाची खरी शिल्लक एवढीच आहे. एका लग्नातून खर्च जाऊन १७,५०० रुपये सुटतात, म्हणजे नऊ लग्नं कमी झाली की ही सगळी शिल्लक संपते.

नऊ लग्नं कमी व्हायला गावात नवं कार्यालय उघडावं लागत नाही, पंचांग पुरतं. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि त्यात लग्नं लागत नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. तो चातुर्मासातच पडल्यामुळे त्या महिन्यात तसंही मुहूर्त नव्हते. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, ऐन लग्नसराईत. २०१८ मध्येही अधिक ज्येष्ठच होता. त्या महिन्यात एरवी नऊ लग्नं होत असतील, तर ती आधीच्या आणि नंतरच्या तारखांवर सरकतील, पण तिथे आपलं कार्यालय आधीच ८९ टक्के भरलेलं आहे. सामावून घ्यायला जागा त्या अडलेल्या ९ तारखांतूनच काढावी लागेल. म्हणून अशा वर्षाची तुलना आदल्या वर्षाशी सरळ करू नये. मुहूर्तांची संख्या कमी असताना लग्नं कमी होणारच. दर मुहूर्तामागे किती उत्पन्न आलं हे बघावं, म्हणजे दोष तिथीचा की आपला ते कळतं.

आडदिवशी भाडं किती उतरवावं

पावसाळ्यातल्या मंगळवारी एक संस्था प्रशिक्षणासाठी हॉल मागते आणि ४,००० रुपये देऊ करते. मालक मनात म्हणतो, ‘रोजचा खर्च २,७१२ आणि सभेचा खर्च १,५००, मिळून ४,२१२. मला परवडत नाही.’ तो नाही म्हणतो आणि हॉल बंद राहतो. त्या दिवशीचे २,७१२ तरीही गेलेच. हो म्हटलं असतं, तर १,५०० खर्चून ४,००० आले असते, म्हणजे २,५०० रुपये स्थिर खर्चाला हातभार लागला असता. आडदिवसाच्या भाड्याचा तळ म्हणजे त्या कार्यक्रमाचा वरखर्च. दिवसावर वाटलेला स्थिर खर्च नव्हे. तो वर्षभराच्या सगळ्या तारखांनी मिळून भरायचा आहे.

यालाही मर्यादा आहे. कार्यालय भरलेलं दिसावं म्हणून अशा ३० सभा २,००० रुपयांना घेतल्या, तर लागलेल्या तारखा १४४ होतात आणि टक्केवारी ३२ वरून ४१ वर जाते. भाडं ६०,००० ने वाढतं, दर दिवसाचं उत्पन्न ४,४५८ होतं. दोन्ही आकडे वर गेले. हाती मात्र वर्षाला १५,००० रुपयेच जादा आले, आणि तीस दिवसांची खुर्च्यांची मोडतोड त्यातूनच भागवायची. म्हणून टक्केवारी एकटी वाचायची नाही. तिच्या शेजारी दर दिवसाचं भाडं, आणि त्याच्या शेजारी वरखर्च जाऊन उरलेली रक्कम ठेवायची.

दुसरा धोका तारखेचा. सवलतीचं भाडं लाल शाईच्या तारखेला कधीच लावायचं नाही. जूनमध्ये कुणी डिसेंबरच्या रविवारी सभेसाठी ४,००० देऊन गेला, तर तो २४,००० चं लग्न अडवून बसतो. आडदिवसाचं बुकिंग घेताना पंचांग समोर असावं ते याचसाठी.

लॉज असेल तर

लॉजला हीच रीत लागते, फक्त तारखेच्या जागी खोली-रात्र येते. १२ खोल्यांच्या लॉजमध्ये एप्रिलच्या ३० दिवसांच्या ३६० खोली-रात्री. एका खोलीचा नळ फुटून ती दहा दिवस बंद होती, म्हणून ३५०. त्यांतल्या १९० रात्री सरासरी ९०० रुपयांनी गेल्या, तर भरणा ५४ टक्के आणि दर उपलब्ध खोली-रात्रीमागे ४८९ रुपये. कार्यालयात मुहूर्त वेगळे काढतो, तशा इथे शनिवार-रविवारच्या, जत्रेच्या आणि सुट्ट्यांच्या रात्री वेगळ्या काढायच्या. ऑनलाइन बुकिंगवरचं कमिशन भाड्यातून आधी वजा करायचं, नाहीतर महाग पडणारं गिऱ्हाईक स्वस्त वाटतं.

कर्ज काढण्याआधी

हा हिशेब सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो नवा खर्च डोक्यावर घेताना. समजा मालकाच्या मनात हॉल वातानुकूलित करायचं आहे आणि त्याचा हप्ता महिन्याला १५,००० बसतो. वर्षाचा स्थिर खर्च १,८०,००० ने वाढला. तो भरायला ११ जादा लग्नं हवीत, किंवा आहेत त्या ४४ लग्नांचं भाडं सुमारे ४,१०० रुपयांनी वाढायला हवं. विजेचं वाढीव बिल त्यावर आणखी. मुहूर्ताच्या रिकाम्या तारखा ६, सोडवून घेता येण्यासारख्या ९, आणि त्या नऊंतल्या पाचांनाच प्रत्यक्ष मागणी होती. म्हणजे नुसती लग्नं वाढवून हा हप्ता फिटणार नाही. भाडं २८,००० च्या वर नेता येईल का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर गावातल्या इतर कार्यालयांच्या भाड्यात आणि ‘एसी नाही म्हणून परत गेले’ असं वहीच्या समासात किती वेळा लिहिलं आहे, त्यात सापडेल. तशा नोंदी दोन-तीनच असतील, तर कर्जाचा अर्ज थांबवावा आणि आधी ताबा देण्याची वेळ बदलावी. तिला भांडवल लागत नाही.